पॅरासिटामॉल सिरपच्या मराठी पत्रकाचं प्रूफ: मात्रा आणि इशारे दोन अर्थांनी वाचता येतायत, कसं सोडवावं?

प्राची_ऐरोली

नमस्कार. मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपबरोबर पालकांना द्यायच्या मराठी पत्रकाचं प्रूफ तपासायला आलं आहे. ताकद ५ मिलीत १२० मिग्रॅ. मूळ इंग्रजी मजकूर डॉक्टरांनी मंजूर केलेला आहे. मराठी भाषांतर झालंय, अक्षरजुळणीही झालीय. छपाई रबाळ्याला होणार आहे आणि पत्रक दोन घड्यांचं आहे. शुद्धलेखन पाहून झालं, पण काही वाक्यं खटकतायत. जशी आहेत तशी देते:

> मात्रा : ३ ते ६ महिने – २.५ मि.ली., ६ महिने ते २ वर्षे – ५ मि.ली., २ ते ४ वर्षे – ७.५ मि.ली., ४ ते ६ वर्षे – १० मि.ली. दर ४-६ तासांनी, दिवसातून ४ वेळा.
>
> इशारा : ३ महिन्यांखालील बालकांना, यकृत व मूत्रपिंडाचा विकार असलेल्या तसेच पॅरासिटामॉलयुक्त अन्य औषधे घेत असलेल्या बालकांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ३ दिवसांपेक्षा अधिक काळ देऊ नये.
>
> अतिमात्रेची लक्षणे दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

इंग्रजीत इशाऱ्याचे चार वेगळे मुद्दे आहेत, मराठीत त्यांचं एक वाक्य झालंय. मी यात किती हात घालावा?

नौपाडाकर

'तसेच'च्या आधी स्वल्पविराम हवा. 'पॅरासिटामॉलयुक्त' जोडून लिहिलंय ते बरोबर. 'मि.ली.'मधले दोन्ही पूर्णविराम ठेवा, ते संक्षेपाचं चिन्ह आहे. 'बालकांना' दोनदा आलाय, पहिला काढला तर वाक्य सुटसुटीत होईल. एरवी मजकूर शुद्ध आहे.

अनघा_सानपाडा

नौपाडाकर, प्राचीचा प्रश्न शुद्धलेखनाचा नाही. व्याकरण निर्दोष असूनही वाक्य चुकीचं सांगू शकतं, आणि इथे नेमकं तेच झालंय. पहिला 'बालकांना' काढला तर गुंता वाढेलच.

प्राची, इशाऱ्याचं वाक्य शेवटाकडून वाचा. क्रियापद एकच, 'देऊ नये'. त्याला दोन अटी लागल्यात: 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय' आणि '३ दिवसांपेक्षा अधिक काळ'. या अटी वाक्यात आधी आलेल्या सगळ्यांना लागू होतात. म्हणजे दोन महिन्यांच्या बाळाला डॉक्टरांना न विचारता तीन दिवस सिरप द्यायला हरकत नाही, असा सरळ अर्थ निघतो. सर्दीच्या औषधात आधीच पॅरासिटामॉल असेल तरी तीन दिवस दोन्ही चालतील, असाही निघतो. इंग्रजीत यातलं काहीच नाही. तिथे तीन दिवसांची मर्यादा हा स्वतंत्र मुद्दा असणार, आणि ती एरवी निरोगी असलेल्या मुलासाठी असणार.

दुसरी अडचण 'यकृत व मूत्रपिंडाचा'. फक्त यकृताचा त्रास असलेल्या मुलाची आई म्हणेल, आमचं मूत्रपिंड ठीक आहे, हे आमच्यासाठी नाही. तिथे 'किंवा' हवा.

तिसरी अडचण मराठीच्या घडणीतलीच आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. बावीस-पंचवीस शब्दांच्या वाक्यात द्यायचं की द्यायचं नाही हे अगदी शेवटच्या शब्दावर कळतं. तापलेलं मूल मांडीवर घेऊन वाचणारा माणूस तिथपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून नकार मथळ्यात घ्या आणि प्रत्येक मुद्दा स्वतंत्र ओळीवर टाका:

> डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका :
> बाळाला ३ महिने पूर्ण झाले नसतील तर.
> मुलाला यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर.
>
> एकत्र देऊ नका :
> पॅरासिटामॉल असलेलं दुसरं कोणतंही औषध. सर्दी-तापाच्या अनेक औषधांत ते असतं. बाटलीवरची किंवा पाकिटावरची नावं वाचा.
>
> ३ दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा. त्यांना न विचारता पुढे देऊ नका.

हात किती घालावा याबद्दल: वाक्य तोडा, क्रम बदला, 'व'चा 'किंवा' सुचवा. आकडा, वय किंवा कालावधी मात्र स्वतः बदलू नका. त्यावर समासात प्रश्न लिहून प्रूफ डॉक्टरांकडे परत पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. यकृत-मूत्रपिंडाच्या मुद्द्याला इंग्रजीत काय म्हटलंय तेही ताडून पाहा.

प्राची_ऐरोली

ताडलं. 'यकृत किंवा मूत्रपिंड, आधी डॉक्टरांना विचारा' असंच आहे. अतिमात्रेच्या वाक्यात आणखी एक सापडलं. इंग्रजीत 'मूल ठीक दिसत असले तरी लगेच' अशा अर्थाचे शब्द आहेत. मराठीत ते गळलेत आणि त्या जागी 'लक्षणे दिसल्यास' आलंय.

अनघा_सानपाडा

या प्रुफातली सर्वांत गंभीर चूक हीच आहे. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी मूल बहुतेक वेळा ठीकच दिसतं. फार तर मळमळ, थोडी उलटी. यकृताला इजा होत असते, पण ती बाहेरून दिसायला दिवस-दोन दिवस जातात. त्यावरचा उतारा, अॅसिटिलसिस्टीन, लवकर मिळाला तर चांगला उपयोगी पडतो. 'लक्षणे दिसल्यास' वाचलेली आई नेमका तोच वेळ वाट पाहण्यात घालवेल.

> जास्त औषध दिलं गेलं तर मूल ठीक दिसत असलं तरी लगेच रुग्णालयात न्या. बाटली आणि हे पत्रक सोबत घ्या.

'दवाखान्यात' नको, 'रुग्णालयात'च ठेवा. आपल्याकडे दवाखाना म्हणजे कोपऱ्यावरचे डॉक्टर, आणि रात्री तो बंद असतो. बाटली सोबत असली की ताकद किती होती ते तिथे लगेच कळतं. फक्त बाटली-पत्रकाचं वाक्य मी वाढवलंय. तेवढं डॉक्टरांकडून मंजूर करून घ्या.

मेडिकलवाले_कळवा

इशाऱ्याचं पटलं. मात्रेबद्दल माझं मत असं की 'मिली' काढा आणि 'चमचा' लिहा. काउंटरवर रोज पाहतो, लोक विचारतात 'किती चमचे?' ७.५ मिली वाचून कोणाला काही बोध होत नाही. 'दीड चमचा' म्हटलं की काम झालं.

अनघा_सानपाडा

काका, लोक चमच्यातच विचारतात हे अगदी खरं. आकडा डोळ्यांसमोर उभा राहायला हवा हेही खरं. पण घरातला चमचा एका मापाचा नसतो. चहाचा लहान चमचा, पोह्यांचा चमचा, वाढायचा चमचा, यांत दुपटी-तिपटीचा फरक पडतो. 'दीड चमचा' म्हणजे १५ मिलीच्या चमच्याने साडेबावीस मिली, आणि तसं पाजणाऱ्याने पत्रकातलं वाक्य तंतोतंत पाळलेलं असतं.

बाटलीवर मापाचं टोपण असतंच. त्याचं साधं रेखाचित्र टाकून प्रत्येक वयासमोर रेष कुठे ते दाखवा. आकड्याबरोबर आपले घरचे शब्दही द्या: २.५ मिली (अडीच), ७.५ मिली (साडेसात). बारीक टायपात दशांशाचा टिंब उडाला तर २.५ चे २५ होतात. शेजारी 'अडीच' असेल तर तसं वाचता येणार नाही. हे शब्द आपल्या भाषेत तयारच आहेत, वापरायला हवेत.

आणि नौपाडाकर, 'मि.ली.'चे पूर्णविराम याच कारणासाठी मी काढते. आकड्यात एक टिंब, संक्षेपात दोन, पुढे वाक्याचा एक. इतक्या टिंबांच्या गर्दीत कामाचा टिंब हरवतो. 'मिली' आणि 'मिग्रॅ' असंच लिहावं.

नौपाडाकर

नियम संक्षेपचिन्ह द्यायला सांगतो, पण कारण समजलं. एवढ्यापुरतं मान्य.

मेडिकलवाले_कळवा

टोपणावर कित्येकदा २.५, ५ आणि १० एवढ्याच रेषा असतात. साडेसातची रेष नसते. मग लोक अंदाजाने ओततात.

अनघा_सानपाडा

हे महत्त्वाचं सांगितलंत. प्राची, या सिरपचं प्रत्यक्ष टोपण मागवून पाहा. साडेसातची रेष नसेल तर पत्रकात 'आधी ५ च्या रेषेपर्यंत भरून पाजा, मग २.५ च्या रेषेपर्यंत भरून पाजा' असं लिहावं लागेल, किंवा सोबत सिरिंज द्यावी लागेल. हातात वेगळंच टोपण असेल तर पत्रकातलं चित्र निरुपयोगी आहे.

सुहास_दिवा

थोडं वेगळं विचारतो. आईला सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. त्याच्या कागदावर 'आठवड्यातून एकदा १० मि.ग्रॅ.' लिहिलंय आणि गोळ्या २.५ च्या आहेत. हे बरोबर लिहिलंय का?

अनघा_सानपाडा

सुहास, डोस बरोबर आहे का ते डॉक्टरच सांगतील. वाक्याबद्दल बोलायचं तर ते अपुरं आहे. हे औषध आठवड्याऐवजी चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून त्यात ठरलेला वार हवा: 'दर सोमवारी २.५ मिग्रॅच्या ४ गोळ्या. बाकी सहा दिवस घेऊ नका.' गोळ्यांची संख्या आणि वार डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, स्वतः भरू नका. रोजच्या गोळ्यांच्या डबीत ही गोळी ठेवू नका. यावर वेगळा धागा काढलात तर सविस्तर बोलू.

प्राची_ऐरोली

आता 'दर ४-६ तासांनी, दिवसातून ४ वेळा'कडे येऊ का? मला ते परस्परविरोधी वाटतंय.

शर्वरी_घणसोली

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. विरोध आहेच. दर ४ तासांनी म्हटलं की २४ तासांत ६ डोस बसतात, पुढे लगेच ४ वेळा म्हटलंय. समजा मूल १२ किलोचं आणि अडीच वर्षांचं आहे. एका वेळी ७.५ मिली म्हणजे १८० मिग्रॅ. चार डोसांचे ७२० मिग्रॅ, किलोमागे ६०. ते ठीक आहे. सहा डोस दिले तर १०८० मिग्रॅ, किलोमागे ९०. दिवसाची मर्यादा साधारण किलोमागे ६० ते ७५ मिग्रॅ धरतात, म्हणजे ती ओलांडली. पालक दोन-तीन दिवस असंच देत राहिले तर धोका खरा आहे.

'दिवसातून' या शब्दाचाही घोटाळा होतो. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ असे चार झाले. रात्री १० वाजता ताप चढला की घरचे म्हणतात, दिवसाचे चार संपले, हा रात्रीचा. कोणी रात्री १२ नंतर नवा दिवस मोजतो. त्यामुळे २४ तास हेच शब्द हवेत, आणि ते पहिल्या डोसपासून मोजायचे हेही लिहायला हवं.

अनघा_सानपाडा

शर्वरीचा हिशोब बरोबर आहे. मी दोन वेगळी वाक्यं करेन:

> दोन डोसांमध्ये किमान ४ तास जाऊ द्या.
> पहिल्या डोसपासून २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस देऊ नका, रात्रीचे धरून.

खाली चार रिकामे चौकोन आणि 'डोस दिल्याची वेळ' अशी जागा ठेवा. घरात आई एक डोस देते, आजी दुसरा देते आणि दोघींनाही एकमेकींचं माहीत नसतं. लिहिलेली वेळ पाहिली की ते टळतं.

आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ नको. '४-६' दोन ओळींत तुटलं तर पहिल्या ओळीत '४-' राहतं आणि दुसरी ओळ '६ तासांनी' अशी सुरू होते. 'ते' लिहा, आणि आकडा व एकक यांच्यामध्ये न तुटणारी जागा टाकायला जुळणी करणाऱ्याला सांगा.

विनय_वागळे

वयोगट कोणी पाहिले नाहीत? '२ ते ४' आणि '४ ते ६' दोन्हींत ४ आहे. चार वर्षांच्या मुलाला ७.५ द्यायचं की १०?

शर्वरी_घणसोली

दोन्ही. म्हणजे वाचणारा दोन्ही वाचेल. आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. 'चौथं लागलं' म्हणजे तीन पूर्ण झालेली असतात, पण कोणी विचारलं की घरचे 'चार वर्षांचा' म्हणून मोकळे होतात. मग सव्वातीन वर्षांच्या मुलाला १० मिली जातं.

अनघा_सानपाडा

म्हणून प्रत्येक ओळीत 'पूर्ण' हा शब्द आणि वाढदिवस. '२ वर्षे पूर्ण झाल्यापासून चौथ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत' लांब वाटेल, पण तक्त्याच्या रकान्यात बसतं. चौथा वाढदिवस वरच्या गटात धरायचा की खालच्या, हे मात्र आपण ठरवायचं नाही. इंग्रजीतही हीच संदिग्धता असेल तर डॉक्टरांना विचारा. ६ महिन्यांना आणि २ वर्षांनाही हाच प्रश्न आहे. वजनाचा रकाना घालता येईल का, तेही विचारा. मूल वयाच्या मानाने बारीक असेल तर वयावरचा डोस त्याला जास्त होऊ शकतो.

विनय_वागळे

पत्रकावर ताकद कुठे दिसत नाही. हेच सिरप ५ मिलीत २५० मिग्रॅचंही येतं, आणि लहान बाळांचे थेंब १ मिलीत १०० मिग्रॅचे असतात. पत्रक घरात उरलं आणि पुढच्या वेळी दुसरी बाटली आली तर?

शर्वरी_घणसोली

तर ७.५ मिलीत १८० ऐवजी ३७५ मिग्रॅ जातील, थेंबांच्या बाटलीतून ७५० मिग्रॅ. ताकद मथळ्याखाली पहिल्याच ओळीत हवी: 'हे पत्रक फक्त ५ मिलीत १२० मिग्रॅ लिहिलेल्या बाटलीसाठी आहे. बाटलीवर दुसरा आकडा असेल तर हे पत्रक वापरू नका.' 'बाटली नीट हलवून घ्या' हे साठवणीच्या भागात असेल तर तिथून काढून ओतण्याच्या पहिल्या पायरीत आणा. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे जड.

रबाळे_प्रेस

छापणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी. घडी कुठे येते ते पडद्यावर पाहून कळत नाही. खऱ्या मापाची डमी काढा, घडी घाला आणि पाहा की 'देऊ नका' घडीच्या रेषेवर तर येत नाही ना. तिथली शाई हाताळून पुसट होते. मथळा एका पानाच्या तळाला आणि त्याचे मुद्दे दुसऱ्या पानावर असंही होऊ देऊ नका. 'देऊ नका'खालचे मुद्दे मथळ्यापासून सुटले तर नुसती यादी उरते, आणि ती द्यायच्या मुलांची यादी वाटते.

दुसरं, मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर आकडे, टिंबं आणि अर्ध्याची खूण एकेक करून मूळ प्रतीशी ताडा. अक्षरं नीट येतात म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण चिन्हं बदलून येतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं, तेही फायनल पीडीएफवर. वर्डच्या फाइलवर नाही.

विनय_वागळे

आकडे मराठी ठेवायचे की इंग्रजी? मराठी ४ बारीक टायपात इंग्रजी आठसारखा दिसतो, १ आणि ९ तर एकमेकांसारखेच दिसतात. शिवाय टोपणावर इंग्रजी आकडे कोरलेले असतात.

अनघा_सानपाडा

माझा कल टोपणाशी जुळणाऱ्या आकड्यांकडे आहे, म्हणजे इंग्रजी. वाचणाऱ्याला आकडा टोपणावरच शोधायचा असतो.

नौपाडाकर

मला पटत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना मराठी आकडेच सहज वाचता येतात, आणि मूल बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतं. टाइप मोठा करा, आकडे मराठी ठेवा. एकाच पत्रकात दोन्ही प्रकार मिसळू मात्र नका. ते सर्वांत वाईट.

शर्वरी_घणसोली

मिसळू नये यावर दुमत नाही. बाकी दोन्ही नमुने लोकांना दाखवूनच ठरवा.

प्राची_ऐरोली

दाखवायचं कसं? 'कळलं का?' असं विचारू?

अनघा_सानपाडा

'कळलं का'ला सगळे 'हो' म्हणतात. युरोपात पत्रकांची चाचणी घेतात तेव्हा माहिती सापडली का आणि सापडल्यावर समजली का, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. दर फेरीत साधारण १० माणसं असतात. १० पैकी ९ जणांना माहिती सापडावी आणि सापडलेल्या १० पैकी ९ जणांना ती समजावी, असा निकष असतो. तुम्ही तेच लहान प्रमाणात करा. काकांच्या काउंटरवर किंवा लसीकरणाला आलेल्या पालकांना पत्रक हातात द्या आणि परिस्थिती सांगा. 'मुलगी ३ वर्षं ८ महिन्यांची आहे. टोपणात पाणी ओतून दाखवा.' 'सकाळी ७ ला पहिला डोस दिला, आतापर्यंत चार झाले, रात्री ११ ला ताप आहे. काय कराल?' 'चुकून दुप्पट दिलं, मूल खेळतंय. काय कराल?' उत्तर त्यांच्या शब्दांत ऐका आणि बोट पत्रकावर कुठे जातं ते पाहा. दोघं-तिघं एकाच ओळीवर अडखळले तर ओळ बदलायची.

मेडिकलवाले_कळवा

संध्याकाळी ७ नंतर या, गर्दी असते. टोपणं मी देतो.

शर्वरी_घणसोली

तीन महिन्यांच्या ओळीवर एक प्रश्न राहतो. लसीकरण दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतं. पहिल्या दोन वेळा बाळ तीन महिन्यांच्या आत असतं, आणि लस देणारेच तापासाठी औषध सांगतात. पत्रक म्हणतं 'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय'. लस देणाऱ्या सिस्टरने सांगितलं तर चालेल का, हा प्रश्न आई विचारणारच. शिवाय तक्ता ३ महिन्यांपासून सुरू होतो, म्हणजे त्या बाळासाठी त्यात मात्राच नाही. आई २.५ च्या रेषेवर जाईल.

प्राची_ऐरोली

हे डॉक्टरांच्या यादीत सर्वांत वर घालते. बाकीचे प्रश्न: ६ महिने, २ वर्षे आणि ४ वर्षे कोणत्या गटात, वजनाचा रकाना, साडेसातची रेष नसेल तर काय, बाटली-पत्रक सोबत नेण्याचं वाक्य. आकड्यांचे दोन नमुने काढून शनिवारी कळव्याला आणते. उत्तरं येईपर्यंत फाइल रबाळ्याला पाठवत नाही.

रबाळे_प्रेस

पाठवताना घडी घातलेली डमीही सोबत द्या. कोणती बाजू बाहेर येते ते त्यावर पेनने लिहा, आणि 'फक्त ५ मिलीत १२० मिग्रॅ'ची ओळ बाहेरच्याच बाजूला ठेवा.